अण्णांची नोकरी गेली, पण सगळी सर्व्हिस गेली नव्हती

आमचे अण्णा रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करणारे, ज्यांना नंतर ट्रॅकमन म्हणायला लागले ते. ३० जून २००३ ला त्यांना नोकरीवरून काढलं, 'रिमूव्हल फ्रॉम सर्व्हिस'. कारण विनापरवाना गैरहजेरी. आरोप खोटा होता असं मी म्हणणार नाही, अण्णा खरंच ड्युटीवर नव्हते. आधी टीबी झाला, मग चुलते वारले आणि दोन घरांची शेती एकट्यावर आली, त्यात चार्जशीटची पत्रं जुन्या क्वार्टरच्या पत्त्यावर जात राहिली आणि चौकशी एकतर्फीच झाली. अपील केलं होतं, तेही फेटाळलं गेलं. त्यानंतर घरात सगळ्यांनी धरून चाललेलं की पेन्शन संपली, विषय संपला. पीएफची त्यांची स्वतःची रक्कम व्याजासकट मिळाली, ग्रुप इन्शुरन्सचे थोडे पैसे मिळाले, बस. हे दोन्ही पैसे काढून टाकलेल्या माणसालाही मिळतात, ते कुणी अडवलं नाही.

हे लिहितोय कारण गेल्या काही वर्षांत आमच्या भागातले बरेच जण मला विचारायला येतात आणि दरवेळी लक्षात येतं की 'काढलं म्हणजे काहीच मिळत नाही' हेच लोकांना पक्कं माहितीय, आणि त्याच्या पुढचं वाक्य जे नियमात लिहिलंय ते कुणी सांगतच नाही.

नियम रेल्वेचा वेगळा आहे, रेल्वे सर्व्हिसेस पेन्शन रूल्स १९९३. केंद्राच्या बाकीच्या खात्यांना सीसीएस पेन्शन रूल्स लागतात, पण या बाबतीत दोन्हीकडची भाषा जवळजवळ सारखीच आहे. बडतर्फ केलं किंवा काढून टाकलं की आधीची सगळी सर्व्हिस जप्त होते, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी दोन्ही जातात. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. पण रेल्वेच्या नियम ६५ मध्ये (बाकी केंद्रीय खात्यांत तो ४१ आहे) लगेच पुढे म्हटलंय की ज्या अधिकाऱ्याला काढण्याचा अधिकार आहे त्याला प्रकरण विशेष विचार करण्यासारखं वाटलं तर तो कंपॅशनेट अलाउन्स म्हणजे दयेपोटी दिला जाणारा भत्ता मंजूर करू शकतो, तोही पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी किंवा दोन्ही मिळून, जास्तीत जास्त दोन तृतीयांश. म्हणजे सर्व्हिस जप्त झाली तरी ती कागदावरून पुसली जात नाही, हा अलाउन्स ठरवताना तीच सर्व्हिस परत मोजतात. आणि कमीत कमी दहा वर्षं क्वालिफाइंग सर्व्हिस, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी सर्व्हिस, भरायला लागते. सगळी लढाई इथेच असते.

अण्णांनी गावातल्या एका टायपिंगवाल्याकडून आधीच एक अर्ज करून ठेवलेला होता. पानभर गरिबीच लिहिलेली, कोरडवाहू जमीन, मुलांची शिक्षणं, आजारपण, साहेब दया करा. उत्तर एका ओळीचं आलं, क्वालिफाइंग सर्व्हिस दहा वर्षांपेक्षा कमी असल्यामुळे विचार करता येत नाही. अण्णांनी ते पत्र ट्रंकेत टाकून दिलं. मी डिप्लोमा करून नोकरीला लागलो, त्यानंतर २०१४ च्या आसपास ते पत्र माझ्या हातात आलं आणि मला पहिला प्रश्न पडला तो हा की दहापेक्षा कमी कसं, हा माणूस १९८४ पासून पहार घेऊन लाइनवर उभा होता.

मी गेलो आमच्या ओळखीच्या एका काकांकडे. ते रेल्वेच्या सेटलमेंट सेक्शनला, जिथे पेन्शनचे हिशोब होतात तिथे, आयुष्यभर क्लार्क होते, तेव्हा रिटायर होऊन घरीच असायचे. काकांनी पत्र वाचलं आणि विचारलं,

"अण्णाची सर्व्हिस शीट बघितलीस का रे?"

म्हटलं नाही.

"मग दहा वर्षं कमी आहेत हे त्यांनी कशावरून लिहिलं ते तुला कसं कळणार. आधी शीट काढ. गरिबीचं नंतर बघू."

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, विभागीय ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. मागितलं काय तर सर्व्हिस शीट, लीव्ह अकाउंट, चार्जशीटपासून काढल्याच्या आदेशापर्यंतची सगळी फाइल, आणि आधीचा अर्ज नाकारताना सर्व्हिस ज्या हिशोबाने काढली तो हिशोब. हा शेवटचा मुद्दा काकांनी मुद्दाम घालायला लावला. तीस दिवसांत काही आलं नाही, मग पहिलं अपील केलं, त्यानंतर बोलावणं आलं की या आणि रेकॉर्ड बघा.

ती शीट मी अजून विसरलो नाही. कडेने फाटलेला जाड कागद, वरच्या कोपऱ्यात अण्णांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा, कारण भरतीच्या वेळी त्यांना सही येत नव्हती. खाली एकाखाली एक नोंदी, वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या अक्षरात. टेम्पररी स्टेटस १ जुलै १९८५. रेग्युलर १ जुलै १९९४. मग इन्क्रिमेंटच्या नोंदी, मग लाल शाईने गैरहजेरीच्या तारखा. आणि मधेच एका ओळीत निळ्या शाईत, 'एलडब्ल्यूपी ऑन मेडिकल सर्टिफिकेट', म्हणजे मेडिकल सर्टिफिकेटवरची बिनपगारी रजा, आठ महिने, टीबीच्या काळातली.

काकांनी झेरॉक्सवर पेन्सिलने खुणा करत मला हिशोब समजावला. तो नीट लिहितो, कारण पाचसहा जणांच्या केसमध्ये मी हीच गोष्ट बघितलीय.

ऑफिसने १ जुलै १९९४ पासून ३० जून २००३ पर्यंतची नऊ वर्षं धरली होती. त्यातून सगळी गैरहजेरी मिळून दोन वर्षं दोन महिने वजा केले. राहिली सहा वर्षं दहा महिने. म्हणून दहापेक्षा कमी. आकडेमोड बरोबर, पण सुरुवातच चुकीच्या जागेवरून केलेली.

पहिली गोष्ट म्हणजे १९८५ ते १९९४ ही नऊ वर्षं. कॅज्युअल लेबरला, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाला, टेम्पररी स्टेटस मिळाल्यापासून रेग्युलर होईपर्यंतची सर्व्हिस, पुढे माणूस रेग्युलर झाला असेल तर पेन्शनसाठी निम्मी धरतात. नऊची निम्मी साडेचार. ही कुणाची मेहेरबानी नाही, नियमच आहे, आणि सरळ रिटायर होणाऱ्या गँगमनची पेन्शन काढताना तेच ऑफिस ती न सांगता धरतं. काढलेल्या माणसाच्या वेळी मात्र ती कुणी जोडली नाही, बहुतेक असं समजून की याची सगळी सर्व्हिस जप्तच झालीय तर मागचं कशाला बघायचं. पण अलाउन्स ठरवताना प्रश्न असा असतो की हा माणूस त्या दिवशी काढला न जाता कॉम्पेन्सेशन पेन्शनवर, म्हणजे जागाच रद्द झाल्यावर मिळते त्या पेन्शनवर, गेला असता तर किती सर्व्हिस धरली असती. मग त्याला जे जे धरता आलं असतं ते सगळं इथेही धरायला पाहिजे.

दुसरी गोष्ट ते आठ महिने. बिनपगारी रजा सरसकट वजा होत नाही. मेडिकल सर्टिफिकेटवर मंजूर झालेली बिनपगारी रजा पेन्शनला मोजली जाते, मंजूर न झालेली गैरहजेरी मोजली जात नाही. अण्णांचे टीबीचे आठ महिने त्यावेळच्या पीडब्ल्यूआय साहेबांनी, म्हणजे लाइनच्या इन्स्पेक्टरांनी, कागद पुढे पाठवून रजेत बसवून घेतले होते, शीटवर तशी नोंद होती, तरी ऑफिसने ते लाल शाईच्या तारखांबरोबरच कापले होते. ते परत धरले तर वजावट राहते दीड वर्षाची. नऊ वजा दीड साडेसात, अधिक साडेचार, बारा वर्षं पूर्ण.

सहा वर्षं दहा महिने आणि बारा वर्षं, माणूस तोच आणि कागदही तोच.

टेम्पररी स्टेटसच्या आधीचं जे एक वर्ष होतं ते आम्ही मागितलं नाही, गरज पडली नाही. पण ज्यांना दहाला थोडंसं कमी पडतंय त्यांनी हे लक्षात ठेवा की २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने राकेश कुमारच्या केसमध्ये टेम्पररी स्टेटसच्या आधीची कॅज्युअल सर्व्हिसही निम्मी धरायला सांगितलीय. तिथे जुनं कॅज्युअल लेबर कार्ड लागतं, ज्याच्यावर मुकादमाच्या हिशोबाने दिवस लिहिलेले आणि इन्स्पेक्टरच्या सह्या असतात. ते कार्ड घरात कुठे पत्र्याच्या पेटीत असेल तर आजच लॅमिनेशन न करता फाइलला लावून ठेवा, लॅमिनेशन केलं की शाई उडू शकते आणि मग शिक्का वाचता येत नाही.

आता दुसरा भाग, म्हणजे सर्व्हिस भरली तरी अधिकाऱ्याने 'विशेष विचार' का करावा. इथे लोक सगळी ताकद गरिबीवर लावतात. रेल्वे बोर्डाचं नोव्हेंबर २००८ चं पत्र आहे, आरबीई १६४/२००८, जुन्या केसेस परत बघण्याबद्दलचं. त्यात सरळ लिहिलंय की गरिबी ही आवश्यक अट नाही, बायकोमुलं अवलंबून आहेत हे बघता येईल, पण मुख्य बघायचं ते हे की शिक्षा त्या माणसाला अति जड झाली असं वाटावं अशा काही परिस्थिती होत्या का आणि त्याने एकूण सर्व्हिस कशी केली. आणि ज्याच्या सर्व्हिसवरून तो अप्रामाणिक होता असा निष्कर्ष निघतो त्याला सहसा मिळणार नाही. म्हणजे चोरी, लाच, खोटी बिलं, खोट्या सर्टिफिकेटवर नोकरी, यांना दार जवळजवळ बंद. गैरहजेरी वेगळी.

काकांनी आणखी एक निकाल दाखवला, महिंदर दत्त शर्मा, सुप्रीम कोर्ट, २०१४. दिल्ली पोलिसातला शिपाई, गैरहजेरीसाठीच काढलेला. कोर्टाने जे म्हटलं ते मला इतकं पटलं की मी अर्जात आमच्या भाषेत तसंच लिहिलं. हा नियम मुळात काढलेल्या माणसांसाठीच आहे, मग 'याला गैरवर्तनासाठी काढलंय' हेच नाकारायचं कारण कसं होईल, तसं असेल तर कुणालाच कधी मिळणार नाही. गैरवर्तन कुठल्या जातीचं आहे ते बघायचं. कोर्टाने त्याचे प्रकारही सांगितलेत, नैतिक अधःपतनाचं, मालकाशी बेइमानी केलेलं, स्वतःच्या फायद्यासाठी मालकाचं लुबाडलेलं, तिसऱ्या माणसाचं जाणूनबुजून नुकसान करणारं वगैरे. अशा प्रकारात बसत असेल तर नाही, बसत नसेल तर पुढे बाकीचं बघा.

म्हणून आमचा अर्ज असा झाला. आधी अर्ध्या पानात सर्व्हिसचा हिशोब, प्रत्येक तारखेपुढे सर्व्हिस शीटचा पान नंबर. मग चार्जशीटमधला आरोप जसाच्या तसा उतरवला आणि खाली लिहिलं की यात पैशाचा, चोरीचा, मारामारीचा, सेफ्टीचा एकही आरोप नाही. मग टीबीचे सरकारी दवाखान्याचे कागद. मग त्या आधीची सर्व्हिस, पावसाळ्यात रात्रीचं पेट्रोलिंग केलेलं, कधी दंडाची शिक्षा नाही. घरची परिस्थिती शेवटच्या चार ओळीत. अण्णांना ते आवडलं नाही, म्हणाले "एवढं ताठ लिहिलंस तर साहेबाला राग येईल." काका म्हणाले, "अरे साहेबाला फाइलवर कारण लिहावं लागतं, आपण त्याला कारण लिहून देतोय."

अर्ज ज्या दर्जाच्या अधिकाऱ्याने काढलंय त्याच खुर्चीच्या नावाने करायचा, खूप लोक थेट वरच्या साहेबाला करतात मग तो नुसता खाली-वर फिरत राहतो. आणि जुन्या केसमध्ये एक अट फार महत्त्वाची, शिस्तभंगाच्या कारवाईची फाइल उपलब्ध पाहिजे. फाइलच सापडत नाही असं उत्तर येऊ शकतं. आमच्याकडे माहिती अधिकारात मिळालेला पूर्ण संच होता, शिक्क्यासकट, म्हणून 'रेकॉर्ड मिळत नाही' हा शेरा मारता आला नाही. हे आधी काढून ठेवायचं कारण तेवढ्यासाठीच.

बरंच थांबावं लागलं. वेल्फेअर इन्स्पेक्टर घरी येऊन चौकशी करून गेले, चांगला माणूस, आईशी अर्धा तास बोलले. मग अकाउंट्सकडून हिशोबावर प्रश्न आला, टेम्पररी स्टेटसची तारीख कुठल्या आदेशाने, तो आदेश नंबर शीटवरच होता तो दाखवला. आणि शेवटी मंजुरी आली. पेन्शनचा भाग दोन तृतीयांश, ग्रॅच्युइटी नाही.

रकमेबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो म्हणून सांगतो. २००३ ला अण्णांचा सरासरी पगार धरला तीन हजार. त्यावेळच्या पद्धतीने तेहेतीस वर्षांना पगाराच्या निम्मी पेन्शन, आणि कमी सर्व्हिसला त्या प्रमाणात. बारा वर्षांचे चोवीस सहामाही, म्हणून पंधराशे गुणिले २४ भागिले ६६, आले ५४५ रुपये. त्याचे दोन तृतीयांश ३६४. हा आकडा ऐकून माझ्या आत्याने कपाळावर हात मारला होता, यासाठी एवढं केलंत. पण त्याच नियमात पुढे आहे की कंपॅशनेट अलाउन्स किमान पेन्शनपेक्षा कमी असणार नाही. तेव्हा किमान १२७५ होती, २००६ पासून ३५००, आणि १ जानेवारी २०१६ पासून ९०००. म्हणजे खालच्या पगाराच्या माणसाला दोन तृतीयांशचा हिशोब नावालाच असतो, त्याला किमान रकमेवरच नेऊन ठेवतात. दहा वर्षं भरतात की नाही एवढाच खरा प्रश्न, म्हणून त्या हिशोबावर मी एवढं लिहिलं.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे फॅमिली पेन्शन. काढलेला माणूस काही न मिळता वारला तर त्याच्या बायकोला फॅमिली पेन्शन नाही. पण तो कंपॅशनेट अलाउन्स घेत असताना वारला तर आहे. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, आईचं नाव आलं त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा म्हणाले की बरं झालं केलं. त्यांना स्वतःच्या पैशापेक्षा तेच पाहिजे होतं. म्हणून माणूस हयात असताना हा अर्ज करा, पुढे ढकलू नका.

आता राजीनाम्याचं. आमच्या अण्णांच्याच गँगमध्ये एकजण होते, त्यांचं नाव नको. त्यांनाही गैरहजेरीचीच चार्जशीट मिळालेली, सर्व्हिस अण्णांपेक्षा जास्त, साफ सतरा वर्षं. त्यांना कुणीतरी सांगितलं की काढण्याआधी राजीनामा देऊन टाक, इज्जत राहते, पैसेही मिळतात. त्यांनी दिला, मंजूर झाला. अण्णांचं झाल्यावर त्यांचा मुलगा आमच्याकडे आला की आमचाही असाच अर्ज लिहून द्या. काकांनी कागद बघितले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. नियम ६५ फक्त बडतर्फ केलेल्या आणि काढलेल्या माणसांबद्दल बोलतो, राजीनामा दिलेला त्यात येतच नाही. राजीनाम्याने मागची सर्व्हिस जप्त होते आणि तिथे दयेचं कलम ठेवलेलंच नाही. ज्याला शिक्षा झाली त्याला एक खिडकी आहे आणि जो स्वतःहून मान खाली घालून गेला त्याला नाही, मला हे अजूनही अन्याय वाटतं आणि कुणी तरी वरच्या पातळीवर बदलायला पाहिजे असं मनापासून वाटतं, पण आज नियम असा आहे.

राजीनाम्यात सर्व्हिस वाचते ती दोनच वाटांनी. एक, रीतसर परवानगी घेऊन, प्रॉपर चॅनेलने अर्ज करून दुसऱ्या सरकारी नोकरीत जायला दिलेला राजीनामा, ज्याला टेक्निकल रेझिग्नेशन म्हणतात. तिथे मागची सर्व्हिस पुढच्याला जोडली जाते, फक्त राजीनाम्याच्या मंजुरीच्या आदेशात तसं स्पष्ट लिहून घ्यायचं. माझा मामेभाऊ रेल्वेतून पोस्टात गेला त्याचं असंच झालं, एनओसी होती म्हणून एक दिवसही वाया गेला नाही. दुसरी वाट, राजीनामा मागे घेणे. तो मंजूर होऊन अमलात आल्यापासून परत रुजू होईपर्यंत नव्वद दिवसांच्या वर जाता कामा नये, राजीनाम्यामागे माणसाच्या सचोटीचा किंवा वागणुकीचा प्रश्न नसावा, आणि ती जागा किंवा तशीच दुसरी रिकामी असावी. त्या गृहस्थांना नव्वद दिवस केव्हाच उलटून गेले होते, आणि चार्जशीट डोक्यावर असताना दिलेला असल्याने दुसरी अटही अडलीच असती.

आणि वीस वर्षं झालेली असतील तर राजीनामा हा शब्द अर्जात लिहूच नका, तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागा. 'वीस वर्षं झालीत म्हणजे माझा राजीनामा स्वेच्छानिवृत्तीच समजा' हे कोर्टात चालत नाही. २०१९ ला बीएसईएस यमुना पॉवर विरुद्ध घनश्याम चंद शर्मा या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि राजीनामा दिला की मागची सर्व्हिस गेली. अर्थात चार्जशीट चालू असेल तर स्वेच्छानिवृत्ती रोखून धरता येते, पण मागायला काही हरकत नाही.

चार्जशीट चालू असलेले कुणी वाचत असतील तर आणखी एक. अपील किंवा रिव्हिजनमध्ये नुसतं 'परत घ्या' एवढंच मागू नका, ते नाही तर शिक्षा कमी करून कंपल्सरी रिटायरमेंट करा असंही लिहा. त्या शिक्षेत सर्व्हिस जप्त होत नाही, पेन्शन दोन तृतीयांशपेक्षा कमी करता येत नाही आणि पूर्णही देता येते. आणि अपिलात कामावर परत घेतलं गेलं तर मागची सर्व्हिस पुन्हा मोजली जाते, मधल्या काळाचं काय करायचं ते आदेशात लिहिलेलं असतं, ते नसेल तर लिहून मागायचं.

हे सगळं जुन्या पेन्शनवाल्यांचं, म्हणजे १ जानेवारी २००४ च्या आधी लागलेल्यांचं. नंतर लागलेले बहुतेक एनपीएसमध्ये आहेत, त्यांचा हिशोब खात्यावर जमलेल्या रकमेचा असतो, सर्व्हिस किती वर्षं भरली हा प्रश्न तिथे अशा पद्धतीने येत नाही. राज्य सरकारच्या लोकांनी मात्र १९८२ चे महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम उघडून बघा, त्यात ४५ बडतर्फीचा आणि ४६ राजीनाम्याचा, शब्द बरेचसे असेच आहेत पण अर्ज करताना नियमाचा नंबर आपल्याच पुस्तकातला टाका, रेल्वेचा ६५ टाकून पाठवलेला अर्ज मी एका झेडपीच्या माणसाकडे बघितलाय आणि तो तसाच परत आला होता.